फॉरवर्डचा तोटा मार्चमध्ये आणि ऑर्डरचा फायदा जूनमध्ये, हे थांबवा

मा. कॉर्पोरेट कामकाज मंत्री, भारत सरकार, यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूरकडच्या कास्टिंग एक्स्पोर्ट करणाऱ्या छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची अकाउंट्स बघतो. यातल्या कुणालाही इंड एएस लागू नाही, सगळ्या जुन्या अकाउंटिंग स्टँडर्ड्सवर चालतात. दर मार्चला एकच प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तुमच्या खात्याच्या नियमांत सापडत नाही, म्हणून हे पत्र.

उदाहरण घेऊन सांगतो, आकडे सोपे धरलेत. जानेवारीत 1 लाख डॉलरची ऑर्डर आली, पैसे 30 जूनला येणार. मालकाने त्याच दिवशी बँकेत 84 रुपयांनी फॉरवर्ड विकला, म्हणजे डॉलर कुठेही जावो आपल्याला 84 लाख मिळणार, सट्टा वगैरे काही नाही. 31 मार्चला जूनचा फॉरवर्ड रेट 85.80 झाला. माल अजून फाउंड्रीतच, बिल झालेलं नाही, त्यामुळे पुस्तकात येणं शून्य. पण फॉरवर्ड मात्र 1 लाख 80 हजार तोट्यात दिसतो आणि तो सरळ नफा-तोट्यात जातो. तेवढ्याच रकमेने ऑर्डरची किंमत रुपयात वाढलीय, ती कुठेच दिसत नाही.

पुढे 20 एप्रिलला बिल झालं, स्पॉट 85.40, जूनचा फॉरवर्ड तेव्हाही 85.80 धरा. विक्री 85.40 लाख लागली. 30 जूनला डॉलर 86.50 होता, येण्यावर 1.10 लाख फायदा, फॉरवर्डवर आणखी 70 हजार तोटा. या वर्षी दिसले 85.80 लाख आणि मागच्या वर्षी 1.80 लाखाचा खड्डा. दोन्ही मिळून बरोबर 84 लाखच, पण एकही वर्ष खरं नाही, आणि बँकेचा माणूस मार्चचा ताळेबंद हातात घेऊन विचारतो की तुम्ही डेरिव्हेटिव्हमध्ये पैसे घालवले का!

हेज अकाउंटिंग केलं तर मार्चचे 1.80 लाख नफा-तोट्यात न जाता हेजिंग रिझर्व्हमध्ये थांबतात, बिल झालं की तिथून काढून विक्रीतून वजा होतात. विक्री 83.60 लाख, त्यात 1.10 मिळवा, 70 हजार वजा करा, 84 लाख, सगळं एकाच वर्षात. बिल झाल्यानंतर तर काही वेगळं करावंच लागत नाही कारण येणं आणि फॉरवर्ड दोन्ही नफा-तोट्यातच हलतात. खरी अडचण फक्त ऑर्डर ते बिल या मधल्या काळाची आहे. रिझर्व्ह भागभांडवलाच्या बाजूलाच बसतो, त्यामुळे नेटवर्थ तेवढी कमी दिसणारच, हे मान्य आहे, पण निदान वर्षाचा नफा खोटा पडत नाही.

मग करत का नाहीत? एएस 11 मधला फॉरवर्डचा नियम येणं-देणं पुस्तकात आलेल्यांसाठी आहे, पक्की ऑर्डर त्यात बसत नाही. हेज अकाउंटिंगचा रस्ता आयसीएआयच्या 2015 च्या गाइडन्स नोटमध्ये आहे, पण 2021 च्या अकाउंटिंग स्टँडर्ड्स रूल्समध्ये नाही, त्यामुळे छोट्या गावातल्या बऱ्याच लोकांना तो माहितीच नाही आणि ज्यांना माहितीय ते कागदपत्रांना घाबरतात. हेजचा कागद फॉरवर्ड घेतानाच व्हावा लागतो, मार्चमध्ये बसून जानेवारीची तारीख टाकली तर तो हेज धरता येत नाही, आणि ऑडिटरने तो नाकारला तर बरोबरच केलं. कुठला फॉरवर्ड नंबर, कुठली ऑर्डर, किती डॉलर, पैसे कधी येणार, आणि मेळ कसा तपासणार, एवढं एका पानात मावतं.

माझी मागणी एवढीच. पक्क्या ऑर्डरसाठीचं हेज अकाउंटिंग रूल्समध्येच घाला, छोट्या कंपन्यांसाठी त्या एका पानाचा नमुना जोडा, आणि वरच्यासारखं एक उदाहरण पूर्ण नोंदींसकट द्या. सोबत मर्यादाही स्पष्ट लिहा. ऑर्डर 1 लाखाची आणि फॉरवर्ड दीड लाखाचा असेल तर वरचे 50 हजार डॉलर हेज नाहीत, त्यांचा तोटा लगेच नफा-तोट्यात. ऑर्डर रद्द झाली तर रिझर्व्हमध्ये थांबलेलं सगळं त्याच दिवशी बाहेर. माल उशिरा गेला आणि फॉरवर्ड पुढे ढकलला तर काय करायचं, हेही लिहा, कारण फाउंड्रीत हे नेहमी होतं आणि तिथेच प्रत्येक ऑडिटर वेगळं सांगतो.

नॅशनल फायनान्शिअल रिपोर्टिंग ऑथॉरिटी आणि आयसीएआयला यावर मसुदा करायला सांगावं, आणि तो लोकांच्या सूचनांसाठी खुला करताना आमच्यासारख्या एक्स्पोर्ट क्लस्टरमधल्या अकाउंटंट लोकांनाही बोलवावं, ही विनंती.

आपला,
एक अकाउंटंट, कोल्हापूर