आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: दवाखान्यात पहिला प्रश्न 'किती पेला?' असाच का असतो?

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूसवाला शेतकरी. पत्राचं कारण आहे एक डिस्चार्ज कार्ड. पऱ्हाटीवर फवारणी करताना माझ्या मोठ्या भावाला विषबाधा झाली, माणूस वाचला, पण कार्डावर 'विष प्राशन' असं लिहून दिलंय. दादानं काहीच पेलं नव्हतं. आठ दिवसात कार्ड दुरुस्त करून देतो असं तुमच्या खात्यातल्या अधिकाऱ्यानं तोंडी सांगितलं होतं, त्याला दिवाळी उलटून गेली, अजून कागद नाही.

ही चूक कारकुनाची नाही साहेब, ती डॉक्टरच्या पहिल्या वाक्यातून झाली.

त्या दिवशी दादा दुपारभर पाठीवर पंप घेऊन फवारत होता, पंपाचं झाकण गळत होतं, पाठ-कंबर सगळी ओली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, तोंडातून लाळ, अंगाला घाम, नीट दिसेना. गाडीत टाकून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेला. डॉक्टर आले आणि पेशंटला हात लावायच्या आधी वहिनीला विचारलं, "किती पेला?" ती काही बोलायच्या आत दुसरा प्रश्न, "घरी भांडण झालतं का?"

वहिनीच्या पिशवीत औषधाचा डबा होता, सोबत घे म्हणून मीच सांगितलेलं. तो प्रश्न ऐकला अन् तिनं पिशवी पायामागं सरकवली. मग डॉक्टरनी विचारलं कोणतं औषध होतं, तर म्हणे मले नाही माहीत. तिच्या डोक्यात पोलीस आले, गावात काय बोलतील ते आलं, लग्नाला आलेली पोरगी आली. मी फवारणीचं सांगायला गेलो तर "तुम्ही बाहेर थांबा". झालं, बाहेर.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नावर चाललं. पेलाय असं धरलं म्हणून नाकातून नळी टाकून पोट धुतलं. आणि अंगातला औषधानं भिजलेला शर्ट तसाच! ज्याला फवारणीतून विष लागतं त्याच्या पोटात धुण्यासारखं काही नसतं, विष कातडीवर असतं, कपडे अंगावर आहेत तोवर ते आत जातच राहतं. आधी कपडे काढायचे, मग साबण-पाण्यानं सगळं अंग धुवायचं, केसासकट. हे मला नंतर कळलं, डॉक्टरला तर माहीत असणारच, पण त्यांनी दुसरीच गोष्ट आधी धरून ठेवली होती. ॲट्रोपिनचं इंजेक्शन त्यांनी वेळेत दिलं, त्याचे उपकार आहेत, ते नाकारत नाही.

तिथून १०८ नं मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं रात्रीच्या ड्युटीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, वहिनीला विचारलं "तुम्ही यांच्या कोण?" आणि मग म्हणाल्या, "ताई, आधी मी यांचा श्वास बघते, लगेच तुमच्याशी बोलते. पोलिसात नोंद सगळ्याच विषबाधेची होते, तो नियम आहे, त्यात कोणावर संशय नाही. सकाळपासून काय काय झालं ते सांगा, आणि औषधाचा डबा असला तर दाखवा, उपचाराला कामी येतो." एवढंच. वहिनीनं तिथल्या तिथं पिशवी उघडली. प्रोफेनोफॉस अन् सायपरमेथ्रिनचं मिश्रण होतं. बाईंनी डबा वाचला, दादाच्या पाठीला हात लावला आणि ओरडल्या, शर्ट कापा आधी!

हे बोलायला किती वेळ लागला असेल? अर्धा मिनिट. आणि हात न थांबवता, मॉनिटर लावता लावता बोलल्या. वेळ नसतो हे उत्तर मला कोणी देऊ नये. अमेरिकेत १९८४ साली मोजलं होतं, डॉक्टर पेशंटचं बोलणं सरासरी १८ सेकंदात तोडतात. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली उलटं मोजलं, पेशंटला मधे न तोडता बोलू दिलं तर तो सरासरी दीड मिनिटात आपणहून थांबतो. आमच्या डॉक्टरनी तर पहिलं वाक्यही ऐकलं नाही, आल्याबरोबर उत्तर ठरवूनच प्रश्न विचारला.

कोणी म्हणेल, इकडं पिणारेही असतात, डॉक्टरला विचारावंच लागतं. लागतंच, मी कुठं नाही म्हणतो. पण जो खरंच पेला आहे त्याच्या घरचे तर "किती पेला" ऐकून जास्तच लपवतील. "काय झालं, केव्हापासून, कुठं होते" असं विचारलं तर फवारणीवाला फवारणी सांगतो, आणि पिणाऱ्याच्या घरचं कोणीतरी थोड्या वेळानं बाजूला येऊन हळूच सांगतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तणावाखालचा माणूस धरायला सांगितलंय, गुन्हेगार नाही. हे बिमाराच्या बायकोला कोण सांगणार, दरवाज्यावरचा शिपाई?

आणि कार्डावरच्या 'विष प्राशन' या दोन शब्दांची किंमत बघा. फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत घरच्यांना २ लाख मिळतात, आत्महत्या असली तर त्या योजनेत काही नाही. केसपेपरच्या पहिल्या ओळीत जे पडतं तेच पुढं डिस्चार्ज कार्डात, पंचनाम्यात, तहसीलमध्ये उतरत जातं. दादा गेला असता तर वहिनी त्या कागदाशी कुठवर भांडली असती?

२०१७ मध्ये आमच्याच जिल्ह्यात फवारणीनं वीसच्या वर माणसं गेली. तेव्हा मंत्री आले, चौकशी समिती बसली, मास्क वाटले. शेतकऱ्यानं हातमोजे घातले नाही, चुकलं शेतकऱ्याचंच, हेच सगळे बोलून गेले. ऑक्टोबरच्या उन्हात ते कपडे घालून दहा मिनिटं उभं राहून दाखवा. विकणाऱ्याला कोणी विचारत नाही, गळका पंप विकणाऱ्याला विचारत नाही, आम्हाला मात्र दवाखान्याच्या दारातही आरोपीसारखं विचारतात. तुमचे आमदार आजारी पडले की नागपूरला प्रायव्हेटमध्ये जातात, त्यांच्या बायकोला कोणी विचारलंय का घरी भांडण झालतं म्हणून?

त्या पहिल्या डॉक्टरवर माझा वैयक्तिक राग नाही. एकटा माणूस, दिवसभर ओपीडी, रात्री डिलिव्हरी, पोस्टमॉर्टेम, सगळं त्याच्याच गळ्यात, रिकाम्या जागा तुम्ही भरत नाही. डॉक्टरवर हात उचलू नये म्हणून २०१० पासून कायदा आहे, तो असायलाच पाहिजे. पण दवाखान्यातली अर्धी भांडणं, नातेवाईकाला पहिल्याच मिनिटाला "बाहेर व्हा" म्हटल्यावर पेटतात, हे मी डोळ्यानं पाहिलंय. २०१९ पासून एमबीबीएसच्या पोरांना पेशंटशी बोलायचं शिकवतात म्हणे. मग जे त्याआधी शिकून नोकरीला लागले त्यांना कोण शिकवणार?

माझी मागणी मोठी नाही. जुलै ते नोव्हेंबर, फवारणीच्या दिवसात, विदर्भातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात विषबाधेच्या पेशंटला आधी 'काय झालं' विचारा, 'किती पेला' नको. पोलीस नोंद नियमाची आहे हे त्याच वेळी घरच्यांना सांगा. कारण माहीत नसेल तर केसपेपरवर 'विषबाधा, कारण अस्पष्ट' लिहा, आणि माहिती कोणी दिली तेही लिहा. आणि दादाचं कार्ड दुरुस्त करा. डबा, शर्टाचे तुकडे, मोठ्या दवाखान्याचा केसपेपर, तिन्ही माझ्याकडं आहेत, अधिकाऱ्याला घरी पाठवा, दाखवतो.

आपला,
एक शेतकरी, जि. यवतमाळ