शरदकाकांना वाचायला द्यायचं पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "शरदला हे तोंडाने सांगायला मला जमायचं नाही. तू सगळं लिहून पाठव, मी कागद त्याच्या हातात देतो." म्हणून हे पत्र. आई, तूही वाच. यातलं काही मला मुक्ताकडून कळलं आणि ते तुला अजून ठाऊक नसेल. तुमची परवानगी घेऊनच ती माझ्याशी बोलली, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

काका, दिवाळीनंतर बाबांना शौचाच्या वेळी रक्त दिसायला लागलं. मूळव्याध त्यांना जुनीच. जिल्हा परिषदेत हिशेबाच्या टेबलावर जन्म गेला, तेव्हा ती व्हायचीच, असं घरात सगळे धरून चाललो होतो. त्यांनी रात्रीचं इसबगोल वाढवलं, संडासात दोन बादल्या जास्त ओतायला लागले आणि आपले आतले कपडे आपणच धुवायला लागले. आईला वाटलं, निवृत्तीनंतर का होईना, माणूस सुधारला! रक्त दिसतंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. कंबर तलावावर फिरायला येणाऱ्या त्यांच्या एका मित्राचं आतड्याचं ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटाला पिशवी लागली आणि ते बाकावर यायचेच बंद झाले. बाबांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, डॉक्टरकडे गेलं की पिशवी.

मुक्ता कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहते. गच्चीवर पापड घालायला जाताना आजोबा जिन्यात मध्येच टेकतात, हे तिने पाहिलं होतं. मग एका सकाळी तिला संडासाच्या भांड्याच्या कडेला लाल दिसलं. आजोबा म्हणाले, "काल बीट खाल्लं ना." ती म्हणाली, "आजोबा, भाजी मी आणते. पंधरा दिवसांत घरात बीट आलेलं नाही."

ओरडाआरडा तिने केला नाही, आम्हाला फोनही केला नाही. ही पोर माझ्यापेक्षा हुशार निघाली. तिने त्यांना हिशेबात पकडलं. म्हणाली, "मूळव्याधच असेल तर कधीमधी दिसेल. आठ दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टिंब करा. दोनच्या वर गेली तर माझ्याबरोबर यायचं." सहा टिंबं झाली. (आई, त्या टिंबांना दुधाचा खाडा समजून तू गवळ्याचे सहा दिवसांचे पैसे कापलेस. ते देऊन टाक.) सातव्या दिवशी बाबा कॅलेंडरसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चल. पण आधी आजीला तू सांग." ती म्हणाली, "नाही, तुम्ही सांगा. मी शेजारी बसते."

डॉक्टरांनी आधी बरंच विचारलं. रक्त शेवटी थेंबथेंब पडतं की शौचात मिसळलेलं असतं? लाल की काळपट? शौचाची सवय बदलली का? बाबांचं उत्तर होतं, थेंबही पडतात, पण कधीकधी वर चिकटलेलं, गडद रक्त असतं आणि पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. मग बोटाने आणि छोट्या नळीने तपासलं. मूळव्याध होतीच, पण लहान. घोटाळा रक्ताच्या तपासणीत निघाला. हिमोग्लोबिन ८.६ आणि शरीरातलं लोह अगदी तळाला. डॉक्टर म्हणाले, "एवढ्याशा मूळव्याधीने इतकं रक्त कमी होत नाही. या वयात पुरुषाचं लोह उतरलं की ते कुठून गळतंय ते शोधावंच लागतं. मूळव्याध सापडली म्हणून शोध थांबवायचा नसतो." काका, तुम्ही नेमकं हेच लक्षात ठेवा, कारण मूळव्याध तुम्हालाही आहे.

मग कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून बघायचं ठरलं. कोलोनोस्कोपी हे तिचं नाव ऐकून बाबा घाबरले, पण खरा त्रास तपासणीचा नाही, आदल्या रात्रीचा. तीन दिवस आधीपासून शेंगाची चटणी, ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, बिया असलेलं सगळं बंद, कारण कोंडा आणि बिया आतड्यात चिकटून राहतात आणि कॅमेऱ्यापुढे येतात. सोलापुरात भाकरी-चटणीशिवाय तीन दिवस काढणं हीच मोठी शिक्षा, असं बाबा म्हणाले. आदल्या दिवशी फक्त पातळ: डाळीचं वरचं गाळलेलं पाणी, शहाळं, दूध न घातलेला चहा. मग औषधाची पूड दोन लिटर पाण्यात कालवून अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे प्यायची. चव खारट, बुळबुळीत. गार करून, लिंबाचे दोन थेंब टाकून जाते. बाबांनी पेल्यागणिक रेघ मारली. शेवटी नुसतं पिवळसर, आरपार दिसणारं पाणी पडायला लागलं की आतडं साफ झालं असं समजायचं. गढूळ असेल तर लहान गाठ नजरेतून निसटते आणि सगळं पुन्हा करावं लागतं.

तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन दिलं. बाबांना काहीच आठवत नाही. मोठ्या आतड्याच्या खालच्या वळणावर देठ असलेली, साधारण दोन सेंटिमीटरची गाठ सापडली. तिथल्या तिथे तारेच्या फासाने देठात कापून काढली आणि जखमेला चिमटा लावला. पोटाला चीर नाही, पिशवी नाही. संध्याकाळी घरी मऊ भात खाल्ला.

अहवालात आलं की गाठ कर्करोगाची नव्हती, पण तिच्यातल्या पेशी त्या वाटेला लागल्या होत्या, आणि कापल्याची कड स्वच्छ होती. अशा गाठीला कर्करोग व्हायला सहसा बरीच वर्षं लागतात, पण ती दुखत नाही. म्हणून दुखत नाही तोवर थांबू, हा हिशेब तिथे चालत नाही. पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी.

बाबा, परवा तुम्ही शौचाला काळं झालं म्हणून स्वतःहून फोन केलात. ते लोहाच्या गोळीचं आहे, घाबरू नका. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नका, चहाने लोह नीट शोषलं जात नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्या. पण गाठ काढल्यावर पहिले दोन आठवडे लाल रक्त जास्त गेलं, गुठळ्या पडल्या किंवा चक्कर आली तर सकाळची वाट न बघता, रात्र असली तरी दवाखान्यात जायचं. आई, यात बाबांच्या "काही नाही गं" वर विश्वास ठेवायचा नाही.

आता काकांचं. अशी गाठ निघाली की सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीनंतर तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. माझी चाळिशी उलटली आहे, मी पुण्यात वेळ घेतली. काका, तुमची अँजिओप्लास्टी झाली आहे आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ती आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नका. अक्कलकोटहून येताना हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. गोळी थांबवायची का आणि किती दिवस, ते दोन्ही डॉक्टर बोलून ठरवतील. मुक्ता तुमच्याबरोबर येईल; कुठल्या खोलीत जायचं, कुठे सही करायची, सगळं तिला पाठ आहे.

तुमची,
सुनंदा