बाबांची कॉफी

सोलापूर

प्रिय सुध्या,

बरेच दिवस पत्र नाही, रागावू नकोस. आम्ही बरे आहोत, आईचा गुडघा तसाच.

बाबांचं बीपी वाढलंय आणि रात्री झोप लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, कॉफी दोनच कप, तीही दुपारी बाराच्या आत. सध्या पाच होतात: सकाळी सहा, नऊ, अकरा, दुपारी चार आणि जेवणानंतर रात्री आठला. घरच्या ग्रुपवर काकांचा लगेच निरोप, 'उद्यापासून डबाच लपवा.' ताईचं म्हणणं, गुपचूप चिकोरी वाढवा. मी रात्री लिहिलं ते तुला पाठवतो, कारण बाबा तुझं ऐकतात.

'बाबा, एकदम बंद करायची नाही. रोज पाच कप घेणाऱ्याने अचानक सोडली की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकं ठणकायला लागतं, सुस्ती येते, चिडचिड होते. दुसऱ्या दिवशी त्रास जास्त असतो, कधी आठवडाभरही रेंगाळतो. मग माणूस कंटाळून पुन्हा पाचवर येतो. म्हणून आधी फक्त रात्रीचा कप सोडायचा. आठला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफीन रात्री एक-दीडलाही अंगात असतं, झोपेचं दुखणं तिथलंच. चार दिवस जमलं की दुपारी चारचा अर्धा पेला, आणखी चार दिवसांनी तोही नाही. शेवटी अकराचा, तसाच अर्ध्यावरून. डोकं दुखलं तर मागच्या पायरीवर दोन दिवस थांबायचं. डोकेदुखीची गोळी घेताना पाकीट वाचा, काहींत कॅफीनच असतं. आणि कॉफीच्या जागी चहा नको, त्यातही ते आहेच. सुंठ घातलेलं गरम दूध चालेल. बीपी मोजायचं ते कॉफीनंतर अर्धा तास सोडून.'

चिकोरीची कल्पना वाईट नाही, लपवाछपवी वाईट. डोकं दुखलं तर बाबांना कारणच कळणार नाही. चिकोरीत कॅफीन नसतं. ८०:२० ऐवजी ६०:४० ची पूड आणली आणि चमचे तेवढेच ठेवले तर कपामागे कॅफीन पाव भागाने उतरतं. डिकॉक्शन मात्र तितकंच काळं, दाट दिसतं, कारण रंग चिकोरीही देते. म्हणून रंग बघून जोर ठरवायचा नाही. आई नेमकी इथे चुकते, कडूपणा वेगळा लागला की एक चमचा पूड जास्त टाकते आणि सगळा हिशेब मोडतो. तिला चमचा सपाट भरायला सांगितलंय.

होस्टेलवर कॉफी-चहावरून तू माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतास, आठवतं? तेव्हा बाबांनी तुझीच बाजू घेतली होती. त्या हक्काने मागतो: पुढचे पंधरा दिवस चारच्या सुमारास त्यांना फोन कर. कॉफीचा विषय काढू नकोस, पावसाचं, मॅचचं बोल. ती वेळ टळली की संध्याकाळ निभते.

तुझ्या घराचा स्लॅब पडला का? वहिनींना नमस्कार, पोरांना पापा. फोन सोमवारपासून सुरू कर, रात्रीचा कप रविवारी सुटतोय.

तुझा,
विन्या