बरण्यांची अक्कल

बेळगाव, १४ मार्च

प्रिय दत्ता,

पत्राला उशीर झाला, शिव्या नंतर घाल. दुकानात रंगकाम निघालं होतं. बरण्या खाली काढताना चिठ्ठ्या गेल्या आणि मालक म्हणाले, "लाव आता, तुझ्या डोक्यानं."

मी आपली अ-आ-इ लावली. ओवा, खसखस, जायपत्री, जिरे, दगडफूल, धणे. मालकांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "शाळा झकास भरवलीस."

दुसऱ्या दिवशी हुक्केरीकडची एक आजी आली. "कोत्तंबरी कोडप्पा," म्हणाली. मी 'क'च्या फळीवर शोधतोय, आणि धणे बसलेत 'ध'मध्ये! आपल्याकडं एकाच बरणीला दोन नावं, मग मुळाक्षरांचा काय उपयोग? त्यात मसाल्याचा मोसम. बायका यादी घेऊन येतात ती ठरलेल्या क्रमानं: मिरची, धणे, जिरे, तीळ, खसखस, मग लवंग-दालचिनी-दगडफूल. एका यादीला मी शिडी पाच वेळा चढलो.

मग धणे, जिरे, तीळ हाताशी ओढले, कारण ते पावकिलोनं जातात. लवंग-दालचिनी तोळ्या-दोन तोळ्यांनी जाते, ती वर चालते. मालक काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर असावं.

पण वरच्या फळीवर जागा उरली म्हणून मी हिंग वेलदोड्यांशेजारी ठेवला. झाकण जरा सैल होतं. चार दिवसांनी चहाच्या गाडीवाला पुडी परत घेऊन आला. मालकांनी त्याला पैसे दिले आणि त्याच वेलदोड्यांचा चहा करून मला पाजला. ती चव अजून जिभेवर आहे. हिंग आता कोपऱ्यात, एकटा.

मिरचीचंही तसंच. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला. मी ब्याडगी दिसावी म्हणून दाराशी मांडली, तिथं दुपारचं ऊन येतं. वरच्या मिरच्या फिकट पडायला लागल्या. रंगासाठीच घ्यायची मिरची, आणि तिचाच रंग उडाला तर गिऱ्हाईक तिला कशाला हात लावेल? आत नेली.

जिरे आणि शहाजिरे मात्र मी शेजारी ठेवले होते, नात्यातले म्हणून. मालकांनीच ते लांब केले. "संध्याकाळी गर्दीत हात डोळ्यांचं ऐकत नाही," म्हणाले.

एक कोडं राहिलं होतं, त्रिफळ. ते त्यांनी गरम मसाल्यात न ठेवता आमसुलाजवळ का ठेवलं? शनिवारी खानापूरकडच्या बाईनं दोन्ही एकदम मागितलं, "उद्या बांगडा आहे," म्हणून.

आईला सांग, यंदाची मसाल्याची यादी माझ्याकडं पाठव. शिडी एकदाच चढतो का बघू.

तुझा,
बाळू