नव्या थीमॅटिक फंडात पैसे घालण्यापूर्वी

माननीय संपादक,

नौपाड्यातील आमच्या सोसायटीच्या लिफ्टशेजारी एका नव्या थीमॅटिक, म्हणजे एकाच विषयाशी निगडित शेअर घेणाऱ्या, फंडाचे पत्रक लावलेले दिसले आणि मला जुनी फाइल काढावीशी वाटली. त्या फाइलमध्ये जानेवारी 2008 मध्ये एन.एफ.ओ.तून, म्हणजे नव्या फंडाच्या पहिल्या विक्रीत, घेतलेल्या पायाभूत सुविधा फंडाचे खातेपत्रक आहे : 10 रुपये दराने 5,000 युनिट, म्हणजे 50,000 रुपये. त्याच महिन्यात सेन्सेक्स 21,000 च्या पुढे गेला होता. मार्च 2009 मध्ये तो 8,000 च्या आसपास आला, तेव्हा माझे युनिट चार रुपयांचे झाले होते. चाराचे पुन्हा दहा व्हायला दीडशे टक्के वाढ लागते. नोव्हेंबर 2010 मध्ये सेन्सेक्स पुन्हा 21,000 वर आला, पण माझा फंड आठाच्या आतच अडकलेला होता.

देशाला रस्ते आणि वीज लागणार हा अंदाज चुकला नव्हता, चुकला तो भाव. या कंपन्यांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या नफ्याची किंमत बाजाराने आधीच मोजली होती, आणि पुढे व्याजदर, कर्जाचा बोजा व रखडलेल्या परवानग्या यांनी तो नफा येऊच दिला नाही. अशा फंडाला किमान 80 टक्के रक्कम त्याच थीममध्ये ठेवावी लागते. त्यामुळे भाव चढे आहेत असे वाटले तरी व्यवस्थापकाला फारसे बाहेर पडता येत नाही. शिवाय बाजार नियामक सेबीच्या 2017 च्या वर्गीकरणाने बहुतेक प्रकारांत फंड घराण्याला एकच योजना ठेवण्याचे बंधन घातले, मात्र थीमॅटिक योजनांना त्यातून सूट दिली. म्हणून नवी योजना आणायची तर वाट बऱ्याचदा इथूनच जाते, आणि लोकांना जे हवे आहे ते तेजीच्या शिखराजवळच हवे असते.

पत्रकातील परताव्याच्या आलेखाबद्दल मला विशेष काळजी वाटते. थीमच्या निर्देशांकाच्या फॅक्टशीटवर ‘बेस डेट’ आणि ‘लाँच डेट’ अशा दोन तारखा असतात : पहिली आकडे जिथून मोजले ती, दुसरी निर्देशांक प्रत्यक्ष सुरू झाला ती. लाँचपूर्वीचे आकडे मागाहून मोजलेले असतात, आणि जो विषय आधीच गाजला आहे त्याचाच निर्देशांक सहसा बनवला जातो, त्यामुळे तो भूतकाळ देखणा दिसणारच. लाँचनंतरचा भाग वेगळा काढून पाहावा. त्याच फॅक्टशीटवरचा पी/ई, म्हणजे भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, त्या निर्देशांकाच्या स्वतःच्या जुन्या पातळ्यांशी ताडून पाहावा, मात्र पोलाद-सिमेंटसारख्या चक्रीय उद्योगांत नफा शिखरावर असताना पी/ई फसवा स्वस्त दिसतो, हे ध्यानात ठेवावे. दहा रुपयांच्या युनिटला स्वस्त समजणे तर सर्वांत मोठी गफलत; आतले शेअर बाजारभावानेच विकत घेतले जातात.

आपल्या अर्थविषयक पानावर नव्या थीमॅटिक फंडाची माहिती देताना निर्देशांकाची लाँच डेट आणि सध्याचा पी/ई छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे (प.)