पंधरा दिवस कधीपासून?

‘धनादेश वटला नाही तर’ या लेखात नोटीस पाठवल्यापासून पंधरा दिवसांनी तक्रार करावी, असे म्हटले आहे. ते चुकीचे आहे. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ नुसार धनादेश देणाऱ्याला पैसे चुकते करण्यासाठी असलेले हे दिवस नोटीस मिळाल्यापासून मोजतात. समजा, १ मार्चला पाठवलेली नोटीस ५ मार्चला मिळाली. मिळाल्याचा दिवस वगळून मुदत २० मार्चला संपते. तक्रारीचे कारण २१ मार्चला घडते; तोही दिवस वगळून तक्रार एका महिन्यात, म्हणजे २१ एप्रिलपर्यंत करता येते. लेखावर विसंबून १७ मार्चला केलेली तक्रार मात्र टिकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले आहे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होतो, घाई नाही. म्हणून पोचपावतीवरची तारीख आधी पाहावी.

– एक वाचक