वैयक्तिक कर्जाच्या अर्जातील उत्पन्न, नोकरी व चालू कर्ज या रकान्यांमुळे अर्ज नामंजूर झाल्याबाबत तक्रार

दिनांक : 12 ऑगस्ट 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वैयक्तिक कर्ज विभाग

विषय : अर्जाच्या नमुन्यातील त्रुटींमुळे माझ्या उत्पन्नाची व कर्जाची चुकीची नोंद होऊन अर्ज नामंजूर झाल्याबद्दल.

महोदय/महोदया,

मी एका सहकारी साखर कारखान्यात बॉयलर विभागात फिटर म्हणून एकोणीस वर्षे कायम नोकरीत आहे. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी मी जुलै महिन्यात आपल्या मोबाईल अ‍ॅपवरून 2,00,000 रुपयांच्या वैयक्तिक कर्जासाठी अर्ज केला होता. मुदत 36 महिने, व्याजदर 14 टक्के आणि मासिक हप्ता 6,836 रुपये असे आपल्याच अ‍ॅपने मला दाखवले होते. अकराव्या दिवशी अर्ज नामंजूर झाल्याचा दोन ओळींचा संदेश आला. त्यात ‘परतफेडीची क्षमता अपुरी’ आणि ‘नोकरीचा तपशील पडताळता आला नाही’ अशी दोन कारणे दिली होती. ही दोन्ही कारणे माझ्या परिस्थितीतून आलेली नसून अर्जातील तीन रकान्यांच्या मांडणीतून आलेली आहेत, असे माझे म्हणणे आहे आणि ते मी आकड्यांसह मांडत आहे.

पहिला रकाना मासिक उत्पन्नाचा. माझ्या पगारपत्रकावर एकूण पगार 36,000 रुपये आहे. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे 2,400 आणि व्यवसाय कराचे 200 रुपये कापले जातात, म्हणजे कायद्याने होणारी कपात वगळता 33,400 रुपये उरतात. यापुढे आमच्या सेवकांच्या पतसंस्थेची 1,000 रुपयांची मासिक वर्गणी आणि तिच्याच कर्जाचा 5,800 रुपयांचा हप्ता कारखाना परस्पर कापून पतसंस्थेकडे भरतो. सहकारी संस्थेच्या कर्जाची अशी पगारातून वसुली करण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 49 मध्ये आहे आणि राज्यातील असंख्य कारखान्यांत, शाळांत, नगरपालिकांत ती रोजची बाब आहे. ही सगळी कपात होऊन माझ्या बँक खात्यात 26,600 रुपये जमा होतात. आपल्या अर्जात ‘नेट मंथली इन्कम’ असा रकाना असून त्याखाली बारीक अक्षरात ‘बँकेत जमा होणारी रक्कम’ असे इंग्रजीत लिहिलेले आहे. त्या सूचनेप्रमाणे मी 26,600 हाच आकडा भरला.

त्याच्या पुढच्या पानावर ‘चालू कर्जांचे मासिक हप्ते’ हा रकाना येतो. तेथे मी पतसंस्थेचा 5,800 रुपयांचा हप्ता प्रामाणिकपणे लिहिला. येथेच घोटाळा झाला. जो हप्ता उत्पन्नातून आधीच वजा झालेला होता, तोच आपल्या प्रणालीने पुन्हा एकदा माझ्यावरील बोजा म्हणून मोजला. एकच 5,800 रुपये एकदा उत्पन्न कमी करायला आणि दुसऱ्यांदा कर्ज वाढवायला वापरले गेले. हप्ता पगारातून कापला जातो की खात्यातून जातो, एवढा एक प्रश्न अर्जात असता तर हे टळले असते. तो प्रश्न नाही, आणि सोबत टिपण लिहायला मोकळी जागाही नाही.

एक गोष्ट कटू असली तरी लिहिणे भाग आहे. आमची पतसंस्था आपल्या सभासदांच्या कर्जाची माहिती कोणत्याही क्रेडिट माहिती कंपनीला पाठवत नाही, त्यामुळे माझ्या क्रेडिट अहवालात हे कर्ज दिसतच नाही. मी ते लपवले असते आणि आपल्या माणसाने पगारपत्रकावरील ‘सोसा. हप्ता’ ही ओळ नीट वाचली नसती, तर माझा हिशोब आपल्या नजरेत चांगला ठरला असता. खरे सांगणाऱ्याला तोटा आणि गप्प बसणाऱ्याला फायदा, अशी या रकान्यांची रचना आहे.

त्याच रकान्यात दुसरी चूक माझ्या पीक कर्जाबाबत झाली. माझ्या नावावर दोन एकर शेती आहे आणि गावच्या विकास सोसायटीमार्फत जिल्हा मध्यवर्ती बँकेचे 60,000 रुपयांचे पीक कर्ज आहे. शेतीशी संबंध नसलेल्या वाचकासाठी सांगतो की, या कर्जाला मासिक हप्ता नसतो. माल विकून आलेल्या पैशातून आम्ही ते 31 मार्चपूर्वी एकरकमी भरतो, मुदतीत भरल्यास तीन लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर केंद्र व राज्याच्या व्याज सवलतीमुळे आम्हाला व्याज पडत नाही, आणि नव्या हंगामासाठी ते पुन्हा उचलतो. हे कर्ज माझ्या क्रेडिट अहवालात आहे, मात्र तेथेही मासिक हप्त्याची जागा कोरी आहे. मी आपल्या अर्जात हप्ता शून्य लिहिला, तेव्हा तो रकाना लाल झाला आणि अर्ज पुढे सरकेना. मदतकेंद्राला फोन केल्यावर प्रतिनिधीने सांगितले, “बाराने भागा आणि टाका सर.” मी 5,000 रुपये टाकले. म्हणजे अस्तित्वात नसलेला हप्ता मला माझ्याच हाताने लिहावा लागला.

यात आणखी एक विसंगती आहे. नोकरदाराच्या अर्जात शेतीचे उत्पन्न लिहायला जागाच नाही. ज्या उसाच्या बिलातून हे कर्ज फिटते, ते बिल आपण पाहणार नाही आणि कर्ज मात्र पगारावर लादणार, हे मला पटलेले नाही. शेतीचे उत्पन्न बेभरवशाचे म्हणून धरायचे नसेल तर माझी हरकत नाही. मग पीक कर्जही मासिक बोजात धरू नये, त्याची वेगळी नोंद ठेवावी.

आता हिशोब पाहावा. फोनवर मला सांगण्यात आले की, नव्या हप्त्यासह सर्व हप्ते मिळून उत्पन्नाच्या 50 टक्क्यांवर जाता कामा नयेत. आपल्या प्रणालीने पतसंस्थेचे 5,800, पीक कर्जाचे काल्पनिक 5,000 आणि नव्या कर्जाचे 6,836 असे 17,636 रुपये धरले आणि त्यांना 26,600 ने भागले. हे प्रमाण 66.3 टक्के येते, म्हणून मी नापास. पतसंस्थेच्या हप्त्याची दुबार मोजणी तेवढी काढली आणि उत्पन्न 33,400 धरले, तर तेच प्रमाण 52.8 टक्क्यांवर येते. पीक कर्जाचा नसलेला हप्ताही काढला की हप्ते 12,636 रुपये उरतात आणि प्रमाण 37.8 टक्के होते. पतसंस्थेची वर्गणी ही बचत असली तरी ती हाती येत नाही, असे म्हणून कोणी ते 1,000 रुपयेही उत्पन्नातून वगळले, तरी आकडा 39 टक्क्यांवर थांबतो. कोणत्याही रास्त पद्धतीने मोजले तरी मी आपल्या मर्यादेच्या बराच आत आहे.

दुसरे कारण नोकरीच्या तपशिलाचे. आपल्या अर्जात नोकरी देणाऱ्या संस्थेचा प्रकार निवडायचा असतो आणि यादीत सरकारी, पब्लिक लिमिटेड, प्रायव्हेट लिमिटेड, भागीदारी व एकल मालकी एवढेच पर्याय आहेत. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या, नागरी बँका यांत लाखो माणसे नोकरी करत असताना ‘सहकारी संस्था’ हा पर्याय असू नये, याचे मला नवल वाटते. संस्थेचे नाव लिहू लागल्यावर जी यादी उघडते ती कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांची आहे. आमचा कारखाना सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेला असल्यामुळे त्याला कंपनी क्रमांक नाही आणि तो त्या यादीत कधीच सापडणार नाही. येथेही आपल्या प्रतिनिधीने मला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ निवडायला सांगितले, कारण त्याशिवाय पुढचे पान उघडत नव्हते. शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ या चौकटीत खूण करताना मला अवघडल्यासारखे झाले होते, आणि आज ती चुकीची नोंद माझ्या नावावर आहे.

त्यानंतर कार्यालयीन ईमेलवर येणारा सांकेतिक क्रमांक मागण्यात आला. फिटरला कार्यालयीन ईमेल नसतो. मग पडताळणीसाठी आपल्याकडून कारखान्यात फोन आला, तो गेटवरच्या सुरक्षारक्षकाने उचलला. महिना जुलैचा. त्याने सरळपणे सांगितले की, कारखाना सध्या बंद आहे, दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटेल. आपल्या माणसाने ‘कंपनी बंद’ असे टिपले असावे, कारण मला नंतर फोनवर हेच ऐकवण्यात आले. गाळप बंद असणे आणि कारखाना बंद पडणे यांत फार अंतर आहे. गाळप थांबल्यावरच बॉयलरच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि पंप उघडून दुरुस्ती करता येते, आणि आम्हा फिटर लोकांचे खरे काम त्याच महिन्यांत असते. फोन गेटऐवजी टाइम ऑफिसला केला असता तर माझी हजेरी तारखेसह मिळाली असती. त्याहून सोपा मार्ग म्हणजे माझे यूएएन पासबुक. त्यात कारखान्याच्या नावासह दरमहा जमा झालेली वर्गणी दिसते आणि ते मी अर्जासोबत जोडले होते. ते कोणी उघडून पाहिले असे दिसत नाही.

या सर्वात माझे झालेले नुकसान मर्यादित पण खरे आहे. प्रवेशाची तारीख जवळ आल्याने मला पत्नीचे दागिने गहाण ठेवावे लागले. 590 रुपये फाईल शुल्क गेले, आणि आपण माझा क्रेडिट अहवाल मागवल्याची नोंद त्या अहवालात राहिली, जी पुढच्या कर्जदात्याला दिसेल.

म्हणून माझी मागणी अशी आहे की, माझा अर्ज एखाद्या अधिकाऱ्याने पगारपत्रक, पतसंस्थेचा दाखला व पीक कर्जाचा उतारा समोर ठेवून पुन्हा तपासावा आणि त्यासाठी माझा क्रेडिट अहवाल नव्याने मागवू नये. संस्थेचा प्रकार ‘सहकारी’ असा दुरुस्त करून, ‘प्रायव्हेट लिमिटेड’ ही नोंद आपल्या प्रतिनिधीच्या सांगण्यावरून झाली होती, हे मला लेखी कळवावे. त्या फोनचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेलच. ते जपून ठेवावे. अर्ज तरीही नामंजूर होत असेल, तर कोणते उत्पन्न आणि कोणते हप्ते धरले, ते आकड्यांत सांगावे आणि फाईल शुल्क परत करावे. रकान्यांखालच्या सूचना मराठीतही द्याव्यात, कारण ‘नेट’ म्हणजे कोणत्या कपातीनंतरचे, यावरच सगळे अवलंबून आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार नोंदवणार आहे. या पत्राची पोच तक्रार क्रमांकासह द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
अर्जदार
(नाव, सही व अर्ज क्रमांक सोबतच्या प्रतीवर)

सोबत : एप्रिल ते जून 2025 ची पगारपत्रके, पतसंस्थेचा कर्ज दाखला, पीक कर्जाचा खातेउतारा, यूएएन पासबुकाची प्रत, नामंजुरीच्या संदेशाची प्रत, फाईल शुल्काची पावती.